दुसरी प्रत कुणाकडे होती?

३१ जुलैला आमच्या दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. महिनाअखेर होती. सगळ्या खात्यांची बिलं त्याच दिवशी निघायची होती आणि उधारीचा एकूण एक आकडा त्या डिस्कवर होता. लोक म्हणाले, वीज गेली म्हणून झालं, पावसाळी हवेने झालं. जुनी डिस्क जायचीच, ती कधीतरी गेलीच असती. पण तिच्याबरोबर आमचा हिशेबही गेला, तो माझ्या चुकांमुळे. त्या कोणत्या, हे नीट लिहून ठेवावंसं वाटतं. माझ्यासारखं दुकान चालवणाऱ्या बऱ्याच जणांकडे आजही तीच मांडणी आहे.

आमचं किराणा दुकान वलवणला, म्हणजे लोणावळ्याच्या पुण्याकडच्या अंगाला. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं, त्याच टाटांच्या योजनेतलं वलवणचं धरण इथे आहे. गाव जुनं असलं तरी दुकानाचा निम्मा धंदा बंगले आणि छोट्या लॉजवर चालतो. बंगल्याचा मालक मुंबईला किंवा पुण्याला असतो. सामान नेतो तो रखवालदार किंवा माळी, आणि पैसे येतात मालकाकडून, महिना संपल्यावर. लॉजचंही तसंच. पोऱ्या येऊन तेल, साखर, पोहे घेऊन जातो आणि हिशेब मॅनेजर बघतात. नेणारा एक आणि देणारा दुसरा असल्यामुळे इथे तोंडी आठवणीवर काहीच चालत नाही. लिहिलेलं असेल तरच पैसे मागता येतात.

वडील हे ओळखून होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या काळात प्रत्येक खातेदाराकडे एक छोटी डायरी असायची. माणूस सामान न्यायला आला की डायरी पुढे करायचा, अण्णा त्यात तारीख, माल आणि रक्कम लिहायचे आणि संध्याकाळी तेच आमच्या खतावणीत चढवायचे. महिनाअखेरीला दोन्हीकडची बेरीज जुळली की बिल मान्य. नाही जुळली तर नेमक्या कुठल्या तारखेला फरक आहे, ते समोरासमोर दिसायचं.

दुकानात कॉम्प्युटर आणल्यावर मी ती डायरी बंद केली. गर्दीच्या वेळी दोनदा लिहिण्यात वेळ जायचा आणि शनिवार-रविवारी काउंटरवर रांग लागायची. छापील बिल हातात मिळतंय, मग डायरी कशाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. अण्णा एवढंच म्हणाले, "त्यांच्याकडे काय राहणार?" मी म्हटलं, "बिल राहील की." पण ते बिल थर्मल कागदावरचं. त्यावर शाई नसते, कागदावरचा लेप उष्णतेने काळा पडतो तेवढीच अक्षरं. तेलकट हात लागला, स्वयंपाकघरातली ऊब लागली की ती उडून जातात. शिवाय ते बिल पोऱ्याच्या खिशातून मॅनेजरपर्यंत पोचायचंच असं नाही. थोडक्यात, हिशेबाची एक प्रत समोरच्याच्या घरात, आमच्या आवाक्याबाहेर, सुरक्षित राहत होती. ती मी स्वतः काढून टाकली. ही पहिली चूक, आणि पुढच्या सगळ्या चुका हिच्यामुळे महाग पडल्या.

दुसरी चूक बॅकअपची. बॅकअप मी घेत नव्हतो असं नाही. रोज रात्री दुकान बंद करताना सॉफ्टवेअर विचारायचं, मी होय म्हणायचो आणि डी ड्राइव्हवर त्या तारखेची फाइल तयार व्हायची. फायलींची ती लांब यादी बघून मला निर्धास्त वाटायचं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्याने सांगितलं होतं की विंडोज सी ड्राइव्हवर आहे, महत्त्वाचं सगळं डी वर ठेवा, म्हणजे विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली तरी डेटा राहील. ते खरंच आहे. विंडोज बिघडली तर डी वाचतो. पण सी आणि डी ही एकाच हार्डडिस्कची वाटणी आहे, एकाच कपाटाचे दोन खण. कपाटालाच वाळवी लागली तर कागद कुठल्या खणात होता याने काही फरक पडत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही. कॉम्प्युटरच्या डब्यात डिस्क किती आहेत, हे बघायला झाकणही उघडावं लागत नाही. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' उघडलं की प्रत्येक खऱ्या डिस्कची वेगळी ओळ दिसते. सी आणि डी दोन्ही 'Disk 0' च्या ओळीत असतील, तर डी वरचा बॅकअप हा डिस्क गेल्यावर कामाला येणारा बॅकअप नाही.

तिसरी चूक इशाऱ्याची. जुलैच्या मध्यापासून सकाळी कॉम्प्युटर सुरू करताना काळ्या पडद्यावर एक ओळ यायची:

```
S.M.A.R.T. Status Bad, Backup and Replace
Press F1 to Resume
```

एफ-वन दाबलं की पुढे सगळं सुरू व्हायचं, म्हणून मी ते दाबत राहिलो. बिल सेव्ह करताना मधूनच काही क्षण पडदा थिजायचा. तो मी जुन्या मशीनचा संथपणा समजलो. खरं म्हणजे डिस्क स्वतःच स्वतःची नोंद ठेवत असते. एखादी जागा वाचता आली नाही की ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि पडदा थिजतो तो तेवढ्या वेळापुरता. तरीही जमलं नाही तर ती जागा 'Current Pending Sector' या आकड्यात धरते. हा आकडा शून्य असायला हवा. दिवसागणिक तो वाढत असेल तर डिस्क जायला निघाली असं समजावं. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्याच अभ्यासात हेही दिसलं की निकामी झालेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी असा कुठलाच इशारा दिला नव्हता. म्हणजे इशारा नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही, पण इशारा आला तर एक दिवसही थांबायचं नसतं. मला तो मिळाला होता, त्यातही 'बॅकअप घ्या आणि बदला' असं सरळ लिहिलेलं होतं.

३१ तारखेला सकाळी पाऊस जोरात होता. वीज दोनदा गेली आणि आली. आमच्याकडे यूपीएस होता, पण त्याची बॅटरी उतरलेली होती. दुसऱ्यांदा वीज आल्यावर कॉम्प्युटर विंडोजपर्यंत पोचलाच नाही. डब्यातून ठरावीक अंतराने टक, टक असा आवाज येत होता. डिस्कच्या आतला हात आपली जागा शोधतो, सापडली नाही की मागे जाऊन पुन्हा शोधतो, त्याचा तो आवाज. त्या क्षणी करायची गोष्ट एकच होती, वीज काढून घ्यायची आणि डिस्कला हात लावायचा नाही.

मी बंद-चालू करत राहिलो. चार-सहा वेळा केल्यावर एकदाची विंडोज उघडली, आणि मला वाटलं वाचलो. तेव्हा तरी डी वरची ताजी बॅकअप फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायची होती. त्या मिनिटांत तेवढं झालं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मला बिलं काढायची घाई. मी सॉफ्टवेअर उघडलं, ते खात्यांच्या यादीवर अडकलं. ओळखीचा एक मुलगा मदतीला आला होता. त्याने डिस्क दुरुस्त करू म्हणून आज्ञा दिली आणि मी त्याला होकार दिला:

```
chkdsk C: /f /r
```

ही चौथी चूक, आणि सगळ्यात जास्त नुकसान हिनेच केलं. ही आज्ञा धडधाकट डिस्कवरच्या विस्कटलेल्या नोंदी सावरण्यासाठी आहे. '/r' दिलं की ती डिस्कची प्रत्येक जागा वाचत जाते. मरायला टेकलेल्या डिस्कला ते तासन्‌तासांचं काम झेपत नाही. दुसरं म्हणजे, ती दुरुस्ती त्याच डिस्कवर लिहून करते. एखाद्या फाइलची नोंद नीट वाचता आली नाही, तर ती फाइलचे तुकडे वेगळे काढते किंवा नोंद कापून टाकते, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने सगळं सुसंगत होतं. आतला हिशेब सुसंगत राहिला का, हे तिला कळत नाही आणि ते तिचं कामही नाही. पडद्यावर टक्के चढत होते आणि आम्ही समाधानाने बघत होतो. दुपारी ते एका आकड्यावर थांबलं. त्यानंतर कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा पडद्यावर एकच वाक्य होतं, डिस्क सापडत नाही.

त्या दिवसातली शहाणपणाची गोष्ट आमच्या करसल्लागारांनी सुचवली. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आज रात्री शटर ओढल्यावर दुकानातला माल मोजून काढा. कराच्या दरानुसार वेगळा मोजा. आणि उद्या जुन्या नंबरने एकही बिल फाडू नका." त्या वेळी दोन्हींचा अर्थ मला पूर्ण कळला नाही. तरी बायको, धाकटा भाऊ आणि मी रात्रभर माल मोजला. दुसऱ्या दिवशी डिस्क काढून पुण्याला, बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरातल्या एका कारागिराकडे दिली.

आता हातात काय होतं ते सांगतो. जूनचं जीएसटीचं विवरणपत्र ११ जुलैच्या आत भरायचं होतं, म्हणून ९ जुलैला मी करसल्लागारांना पेन ड्राइव्हवर डेटा दिला होता. तो त्यांच्या मशीनवर तसाच होता. त्यामुळे ९ जुलैपर्यंतचा हिशेब सापडला, पण बॅकअप म्हणून नाही, योगायोगाने. तो डेटा भावाच्या लॅपटॉपवर चढवला. त्यात शेवटचं बिल ३११८ नंबरचं होतं. प्रत्यक्षात ३१ तारखेपर्यंत आम्ही ४००० च्या पुढे गेलो होतो. म्हणजे तसंच काम सुरू केलं असतं, तर सॉफ्टवेअरने ३११९ पासून पुन्हा नंबर दिले असते आणि एकाच नंबरची दोन बिलं दोन वेगळ्या गिऱ्हाइकांकडे गेली असती. जीएसटीच्या नियमांत बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात एकमेव लागतो. करसल्लागारांच्या दुसऱ्या सूचनेचा अर्थ तेव्हा कळला. १ ऑगस्टपासून आम्ही नंबरापुढे वेगळं अक्षर लावून नवी मालिका सुरू केली आणि जुनी आहे तिथे थांबवली. जुना बॅकअप चढवणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने हे पहिल्यांदा करावं.

उरले ९ ते ३१ जुलैचे दिवस. ते कागदावरून उभे करायचे होते. माल पोचवताना मुलं एका चिठ्ठीवर सही घेऊन यायची आणि त्या चिठ्ठ्या काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये पडायच्या. बँकेतून आणि यूपीआयमधून आलेले पैसे स्टेटमेंटवर होते. रोख आलेले पैसे मात्र फक्त कॉम्प्युटरमध्ये होते. म्हणजे चिठ्ठ्या असतील तेवढा माल सापडेल, यूपीआयची जमा सापडेल, आणि रोख जमा मुळीच सापडणार नाही. हे आधीच बसून ओळखायला हवं होतं. मी ओळखलं नाही, आणि इथे पाचवी चूक झाली, ती माणसांच्या बाबतीत.

तुंगार्लीकडच्या एका लॉजचं खातं उदाहरण म्हणून मांडतो. ३० जूनची बाकी ४१,२६० रुपये, हा आकडा पक्का होता, कारण जूनचं बिल मी त्यांच्या फोनवर पाठवलेलं होतं. ९ जुलैपर्यंतचा माल ६,८३० रुपयांचा, आणि ८ जुलैला यूपीआयने २५,००० जमा. त्यानंतरच्या चिठ्ठ्यांची बेरीज १८,९४० आली. म्हणून मी बाकी काढली ४२,०३० रुपये आणि बिल पाठवून दिलं.

लॉजच्या मॅनेजरांना आम्ही मामा म्हणतो. संध्याकाळी ते दुकानात आले. म्हणाले, "२२ तारखेला मी दहा हजार रोख दिले, ते कुठे आहेत?" मला आठवेना. गेल्या काही दिवसांत दोन-तीन जणांनी आपली बाकी कमी करून सांगितली होती, त्याचा राग मनात होता. मी म्हणालो, "मामा, माझ्याकडे जमा दिसत नाही." दुकानात आणखी गिऱ्हाइकं उभी होती. मामा काही न बोलता गेले. ज्या पुस्तकाची माझी बाजू माझ्याच हाताने हरवली होती, त्या पुस्तकाच्या जोरावर मी एका सरळ माणसाला चारचौघांत खोटं ठरवलं. जमा दिसत नाही याचा अर्थ जमा झाली नाही असा होत नव्हता, कारण रोख जमा दिसायची सोयच उरलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मामांनी एक वही आणली. मी डायरी बंद केली तरी त्यांनी आपल्यापुरती ती चालू ठेवली होती. त्यात २२ जुलै, रोख दहा हजार, आणि नेणाऱ्या मुलाचं नाव होतं. आमच्या त्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "हो, मीच आणले होते, तुम्ही गल्ल्यात टाकले." वहीत मालाच्या नोंदीही होत्या आणि त्यातल्या दोन माझ्या चिठ्ठ्यांत नव्हत्या. त्या दोन्ही मिळून २,४३० रुपयांच्या होत्या. म्हणजे मामांच्या वहीने त्यांचं देणं दहा हजारांनी कमी केलं आणि स्वतःहून २,४३० ने वाढवलं. त्यांच्या हिशेबाने बाकी ३४,४६० होती.

डिस्कचं काय झालं, ते त्यानंतर कळलं. त्या कारागिराने ती दुरुस्त करायचा प्रयत्न केलाच नाही. त्याचं म्हणणं, आधी जेवढं वाचता येईल तेवढं दुसऱ्या मोठ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं आणि मग जे काही करायचं ते त्या उतरवलेल्या प्रतीवर. मूळ डिस्कवर पुन्हा काही लिहायचं नाही. त्याने लिनक्सवरचा 'ddrescue' हा मोफत प्रोग्राम वापरला:

```
ddrescue -d -n /dev/sdb dukan.img dukan.map
ddrescue -d -r3 /dev/sdb dukan.img dukan.map
```

पहिल्या फेरीत तो सहज वाचता येणारा सगळा भाग आधी काढून घेतो आणि जिथे अडतं ती जागा सोडून पुढे जातो. कुठली जागा राहिली याची नोंद 'map' फाइलमध्ये ठेवतो. दुसऱ्या फेरीत फक्त त्या राहिलेल्या जागांवर तीन वेळा प्रयत्न करतो. डिस्क मधेच बंद पडली तरी नोंद असल्यामुळे पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. chkdsk आणि हे काम यांतला फरक इथे आहे. ते अवघड जागीच घुटमळत राहतं आणि त्याच डिस्कवर लिहितं, हे सोपं आधी वाचवतं आणि मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. याला मर्यादाही आहे. डिस्क मुळीच ओळखली जात नसेल, किंवा आतला हात पृष्ठभागावर घासत असेल, तर हा प्रोग्राम उपयोगाचा नाही. मग धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेत द्यावी लागते, आणि तो खर्च छोट्या दुकानाला परवडेलच असं नाही. आमची डिस्क गार झाल्यावर, दुसऱ्या मशीनवर, अडखळत का होईना ओळखली गेली.

डिस्कचा बहुतेक भाग निघाला. पण सी ड्राइव्हवरची मुख्य डेटा फाइल अर्धवट कापलेली होती आणि तिचे तुकडे 'found.000' नावाच्या फोल्डरमध्ये पडले होते. chkdsk वेगळे काढलेले तुकडे तिथेच टाकतं. म्हणजे डिस्कने जे शाबूत ठेवलं होतं, त्यातलंही काही आमच्या दुरुस्तीने गेलं. डी वरच्या बॅकअप फायलींपैकी ३० जुलैची उघडली नाही. २९ जुलैची उघडली.

ती लॅपटॉपवर चढवली आणि मी पहिलं खातं मामांच्या लॉजचं काढलं. २२ जुलै, रोख जमा १०,०००. दोन हरवलेल्या चिठ्ठ्यांचा माल, तारखांसकट. त्यापुढे ३० आणि ३१ तारखेच्या चिठ्ठ्यांचे १,७५० धरले आणि बाकी आली ३४,४६० रुपये. मामांच्या वहीशी पैन्‌पै जुळली. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली. दुकानात बोललो होतो म्हणून, ते पुढच्या वेळी दुकानात आले तेव्हा सगळ्यांसमोर पुन्हा मागितली.

३० आणि ३१ तारखेची रोख विक्री राहिली होती. गल्ला आणि यूपीआय मिळून एकूण रक्कम कळत होती, पण त्यात पाच टक्के कराचा माल किती आणि बिनकराचा किती, हे गल्ला सांगत नाही. त्या रात्री मोजलेला माल इथे कामाला आला. २९ तारखेचा शिल्लक माल, त्यात नंतर आलेला माल मिळवायचा आणि ३१ च्या रात्री मोजलेला वजा करायचा. उरतो तो विकलेला माल, दरानुसार. त्यातून उधारीचा माल काढला की रोख विक्री राहते. ११ ऑगस्टच्या आत विवरणपत्र गेलं. करसल्लागारांनी तेव्हा आणखी एक गोष्ट दाखवली. केंद्रीय जीएसटी नियमांतला ५७ वा नियम सांगतो की हिशेब कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्याने त्याचा योग्य बॅकअप ठेवावा, म्हणजे अपघाताने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळात त्या परत उभ्या करता येतील. मी बॅकअपला स्वतःची सोय समजत होतो. ते माझं कायदेशीर कर्तव्यही होतं.

आज दुकानाची मांडणी अशी आहे. कॉम्प्युटरला एसएसडी आहे, पण तिच्यावर आमचा भरवसा नाही. ती टक टक आवाज करत नाही, पुष्कळदा कुठलीही चाहूल न देता एकदम जाते. रात्री सॉफ्टवेअर बंद करून मगच बॅकअप काढतो, कारण उघड्या फाइलची नुसती नक्कल अर्धवट निघू शकते. तो दोन पोर्टेबल डिस्कवर आलटून पालटून जातो. एक जोडलेली असते तेव्हा दुसरी घरी असते, त्यामुळे वीज, चोरी किंवा व्हायरस यांपैकी कशानेही दोन्ही एकदम जात नाहीत. यूपीएसची बॅटरी नवी आहे. रोख जमा झाली की लगेच हाताने पावती फाडतो आणि तिची स्थळप्रत दुकानात राहते.

महिन्यातून एकदा भाऊ घरच्या डिस्कवरचा बॅकअप लॅपटॉपवर चढवतो आणि एकूण उधारीचा आकडा दुकानातल्या त्या तारखेच्या आकड्याशी ताडून बघतो. फाइल तयार झाली एवढ्याने बॅकअप झाला असं आम्ही धरत नाही. ती उघडली आणि आकडा जुळला, तरच धरतो. ३० जुलैची फाइलसुद्धा यादीत दिसत होतीच.

डायरीही परत सुरू केली आहे. काही खातेदारांना फोनवर बिल हवं असतं, त्यांना दर १५ दिवसांनी पूर्ण उतारा पाठवतो, नुसती बाकी नव्हे. बाकीच्यांच्या डायरीत काउंटरवरच नोंद होते. शनिवारी रांग लागते, ती लागू देतो. अण्णांनी विचारलेल्या प्रश्नाला मी तेव्हा घाईने उत्तर दिलं होतं. समोरच्याकडे त्याची स्वतःची नोंद असली तर त्याला माझ्या कॉम्प्युटरवर विसंबावं लागत नाही, आणि माझा कॉम्प्युटर बंद पडला तर मला त्याच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यावी लागत नाही. उधारीच्या धंद्यात ती दुसरी प्रत दोघांचंही संरक्षण करते. आता एखाद्या खात्यात फरक निघाला, तर मी आधी गिऱ्हाइकाची डायरी मागतो आणि मगच आमच्या पडद्याकडे बघतो.